चौथीच्या वर्गासाठी परिचय: सात चमचे पाण्यापासून सुरुवात करा

प्रश्न : ताई, मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटी विभागात आहे. आमच्याकडं ट्रकचे ब्रेक ड्रम बनतात, एकेक ४५ किलोचा. मुलाच्या शाळेत पालकांनी येऊन आपलं काम सांगायचा कार्यक्रम आहे. वर्ग चौथीचा. बाईंनी माझा परिचय लिहून मागितलाय, भाषणाआधी त्या तो वाचून दाखवणार आहेत. मी लिहिलं : "सौ. … या धातुशास्त्र अभियंता असून गुणवत्ता नियंत्रण विभागात वरिष्ठ पदावर कार्यरत आहेत. सॅन्ड टेस्टिंग, स्पेक्ट्रोमीटरद्वारे रासायनिक पृथक्करण व कास्टिंगमधील दोषांचे विश्लेषण ही त्यांची जबाबदारी आहे." मुलाला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "आई, यात तू करतीस काय?" मग "मी लोखंडाची डॉक्टर आहे" असं लिहावं म्हटलं, पण ते मलाच खोटं वाटतंय. सोपं केलं की खोटं होतं आणि खरं लिहिलं की अवघड होतं. काय करू?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : तुम्ही लिहिलेले शब्द एकेक करून सोपे करत बसू नका. "गुणवत्ता नियंत्रण" काढून "माल तपासणे" घातलं तरी मुलाच्या हाताला काही लागत नाही, कारण मुळात ते वाक्य तुमच्या पदाबद्दल आहे. पद मोठ्या माणसांसाठी असतं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला तुमच्या हातात काय असतं, डोळ्यांपुढं काय असतं, आणि तुम्ही ते काम नीट केलं नाही तर कुणाचं काय बिघडतं, एवढं समजलं की तुम्ही कोण ते त्याचं त्याला कळतं. म्हणून तुमच्या तीन जबाबदाऱ्यांतली एकच उचला आणि ती पूर्ण सांगा. बाकीच्या दोन परिचयात आल्या नाहीत तर खोटं होत नाही. परिचय अपुरा असला तरी चालतो, चुकीचा असून चालत नाही.

कुठली उचलायची? माझ्या मते वाळूची, म्हणजे ज्या ओल्या वाळूच्या साच्यात लोखंड ओततात तिची. स्पेक्ट्रोमीटर समजायला आधी कार्बन म्हणजे काय, सिलिकॉन म्हणजे काय, टक्का म्हणजे काय आणि ठिणगीच्या उजेडावरून ते कसं ओळखतात, एवढं सगळं पोटात असावं लागतं. चौथीत टक्केवारीही आलेली नसते. वाळूचं तसं नाही. दिवाळीत किल्ला केलेल्या प्रत्येक मुलाला ओली माती किती ओली असावी लागते हे हाताला माहीत असतं. तुमचं कामही नेमकं तिथंच सुरू होतं.

आता तुम्ही वाळू कशी तपासता ते आठवा. तुमच्या लॅबमध्ये १०० ग्रॅम वाळू घेऊन ती १०५ ते ११० अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवली आणि ती ९६.५ ग्रॅम भरली, तर पाणी साडेतीन टक्के. साच्याच्या या ओल्या वाळूला, म्हणजे ग्रीन सॅन्डला, साधारण तीन ते चार टक्के पाणी लागतं, त्यामुळं हा आकडा बरोबर बसतो. पण मुलांना तो जसाच्या तसा देता येणार नाही. मग तोच आकडा चमच्यात आणा. एक किलो वाळू घेतली तर साडेतीन टक्के म्हणजे ३५ ग्रॅम पाणी, म्हणजेच ३५ मिलिलिटर. चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा. झाले सात चमचे. "किलोभर वाळूत सात चमचे पाणी" हे वाक्य तुमच्या लॅब रजिस्टरइतकंच खरं आहे आणि चौथीतलं पोर घरी जाऊन ते करूनही बघेल. सोपं आणि खरं एकाच वाक्यात बसतं ते असं. त्यासाठी आकडा टाकून द्यावा लागत नाही, फक्त त्याचं माप मुलांच्या घरातलं निवडावं लागतं.

पुढची पायरी बिघाडाची, आणि माझ्या अनुभवात मुलं सगळ्यात जास्त इथंच कान देतात. तीनच चमचे पाणी घातलं तर वाळूला धरून ठेवणारी चिकणमाती, म्हणजे बेंटोनाइट, नीट भिजत नाही, वाळूचे कण एकमेकांना धरत नाहीत आणि साच्याची कड ढासळते. बारा चमचे घातले तर वाळू हाताला छान चिकट लागते, साचाही सुरेख दिसतो, पण लोखंड ओतलं की पाण्याची वाफ होते. एक चमचा पाण्याची वाफ व्हायला लागली तर ती साधारण आठ लिटर जागा मागते, म्हणजे जवळजवळ अर्धी बादली. तेवढी वाफ साच्यातून वेळेत बाहेर पडली नाही तर ती गार होत चाललेल्या लोखंडात अडकते आणि तिथं पोकळी राहते. तुम्ही तिला ब्लोहोल म्हणता, मुलांसाठी "आतलं भोक" पुरे. इथं जी गोष्ट चुकते ती दिसायला छान असते, हे मुलांना फार आवडतं. चांगला दिसणारा साचा वाईट निघू शकतो हे त्यांना नवीन असतं.

मूठभर वाळू दाबून बघायची तुमच्या लोकांची जी रीत आहे, तीही लिहा. वाळूचा बेसनाच्या लाडवासारखा गोळा व्हायला हवा, आणि मधोमध मोडला तर दोन्ही तुकड्यांच्या कडा शाबूत राहायला हव्यात. भुगा झाला तर पाणी कमी. हाताला चिकटून राहिला तर जास्त. परिचयात मी एवढी एकच उपमा ठेवीन. उपमा कमी असल्या की ज्या आहेत त्या मुलांच्या लक्षात राहतात, आणि ही उपमा नुसती शोभेची नाही, खुद्द चाचणीच आहे.

"लोखंडाची डॉक्टर" तुम्हाला खोटं वाटलं ते बरोबरच वाटलं. डॉक्टर बिघडलेलं बरं करतो. तुम्ही बिघडलेला ड्रम बरा करत नाही. तो बाजूला काढता, फोडून पुन्हा भट्टीत टाकता. वर्गातला एखादा चुणचुणीत मुलगा लगेच विचारेल, "काकू, लोखंडाला इंजेक्शन कुठं देता?" आणि मग तुमची पहिली पाच मिनिटं त्या उपमेतून बाहेर पडण्यात जातील. शिवाय खरी गोष्ट त्याहून जास्त रंजक आहे : बिघडलेला ड्रम वाया जात नाही, वितळून परत नवा होतो. ते सोडून डॉक्टर कशाला आणायचा?

आता उष्णता. भाषणात "आमचं लोखंड उकळत्या पाण्याच्या चौदापट गरम" असं म्हणायचा मोह होईल, कारण ओतताना ते साधारण १४०० अंशांवर असतं आणि पाणी १०० वर उकळतं. पण सेल्सिअसचा शून्य म्हणजे उष्णता अजिबात नाही असा शून्य नव्हे, तो फक्त पाणी गोठतं तो बिंदू. त्यामुळं अंशांचा भागाकार करून "इतके पट" काढता येत नाही, आणि पुढं हीच मुलं नववी-दहावीत गेली की आपल्याला चुकीचं सांगितलं होतं हे त्यांना कळेल. त्याऐवजी ते लोखंड काय करू शकतं ते सांगा. तांबं १०८५ अंशांवर वितळतं, चांदी ९६२ वर. आपल्याकडं पाणी तापवायचा तांब्याचा बंब अजून कितीतरी घरांत आहे. आत जाळ असतो तरी बंब वितळत नाही, हे मुलांनी पाहिलेलं आहे. तुमच्या लोखंडात तांब्याची घागर पडली तर ती वितळून जाईल. या वाक्यात एकही आकडा नाही, तरी ते अचूक आहे. चांदीकामाच्या हुपरीकडची मुलं वर्गात असतील तर घागरीच्या जागी चांदीचं पैंजण घाला, तेही तितकंच खरं.

घागरीचं वाक्य आलं की एक धोका येतो, तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे : मुलांना ते बघावंसं, जवळ जावंसं वाटतं. शिरोलीच्या पोरांना फाउंड्रीचं गेट लांब नाही. म्हणून परिचयात किंवा भाषणाच्या पहिल्या मिनिटात तुमचे बूट, हेल्मेट, निळी काच हे येऊ द्या, आणि तुम्हीही ओतण्याच्या जागेपासून किती लांब उभ्या राहता ते येऊ द्या. "घाबरू नका" वगैरे लिहू नका. नुसतं "ओतताना काकू पिवळ्या रेषेच्या पुढं जात नाहीत" असं असलं, तुमच्याकडं तशी रेषा असेल तर, की मुलांना समजतं.

ब्रेक ड्रमचा उपयोग सगळ्यात आधी सांगा, तुम्ही कोण ते नंतर. मुलाला आधी एक प्रश्न पडला पाहिजे आणि तुम्ही त्या प्रश्नाच्या उत्तरात याव्यात. कोल्हापूरच्या मुलांसाठी तो प्रश्न तयारच आहे. गगनबावड्याहून करूळ घाट उतरून कोकणात जाणारे भरलेले ट्रक त्यांनी पाहिलेले असतात, सुट्टीत गाडीतून त्यांच्या मागं रखडलेलेही असतात. तो ट्रक थांबतो कशानं? इथून सुरू करा. आणि तुमचं नाव शेवटी घ्यायला बाईंना सांगा. नावानं सुरुवात झाली की टाळ्या आधी पडतात आणि पुढचं कुणी ऐकत नाही.

एवढं धरून मी मांडलेला मसुदा असा आहे. तुमच्या कारखान्यात काही वेगळं असेल तर ते बदला.

"करूळचा घाट उतरणारा भरलेला ट्रक कशानं थांबतो? अशा ट्रकच्या चाकात लोखंडाचा एक जाड गोल ड्रम असतो. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, की दोन पट्ट्या त्या ड्रमला आतून घट्ट दाबतात आणि चाक थांबतं. एक ड्रम पंचेचाळीस किलोचा. तुमच्या वर्गातली दोन मुलं मिळून साधारण तेवढी भरतील.

हे ड्रम आपल्या शिरोलीत बनतात. आधी काळ्या ओल्या वाळूचा साचा करतात. मग भट्टीत वितळवलेलं लोखंड त्यात ओततात. ते इतकं गरम असतं, की तांब्याची घागर त्यात पडली तर वितळून जाईल.

आज आलेल्या काकू त्या वाळूची परीक्षा घेतात. किलोभर वाळूत साधारण सात चमचे पाणी लागतं. कमी पडलं तर साचा ढासळतो. जास्त झालं तर पाण्याची वाफ होते, ती लोखंडात अडकते आणि ड्रमला आत भोक पडतं. वाळू मुठीत दाबली की लाडू झाला पाहिजे. आणि भोक पडलेला ड्रम सापडला, तर काकू तो ट्रकला लावू देत नाहीत. तो फोडून पुन्हा भट्टीत जातो.

त्यांचं नाव …"

वाचायला मिनिटभर, फार तर सव्वा मिनिट लागेल. त्यापेक्षा लांबवू नका, कारण पुढं तुम्ही बोलणारच आहात. "पंचेचाळीस" मी अक्षरात लिहिलंय ते मुद्दाम, मोठ्यानं वाचणारा माणूस आकड्यापाशी अडखळतो. "एमआयडीसी" आणि "क्वालिटी" काढलेत, "ड्रम" आणि "ब्रेक" ठेवलेत, कारण ते मुलांच्या कानावरून गेलेले आहेत. शिक्षण, पदवी, किती वर्षं नोकरी, हे काहीच आलेलं नाही. शाळेला ते हवंच असेल तर बाईंना वेगळ्या कागदावर द्या, फलकावर लिहायला किंवा अहवालाला उपयोगी पडेल. लहानपणीचं एखादं वाक्य घालायचं असेल आणि ते खरं असेल, म्हणजे तुम्ही चौथीत असताना काय खटपट करत होता असं काही, तर नावाच्या आधी घाला. आठवत नसेल तर रचू नका. तुमचा मुलगा वर्गातच बसलेला आहे.

मसुद्यात एका शब्दाबद्दल फार जपून राहा. "ड्रम ठोकून बघतात, चांगला असेल तर खणखणतो आणि तडा असेल तर बद्द वाजतो" हे तुम्हाला घालावंसं वाटेल, आणि भाषणात ते जरूर करून दाखवा, मुलांना त्यात मजा येईल. पण त्यामागं "आवाजावरून काकूंना सगळं कळतं" असं जोडू नका. तडा आवाजात कळतो, पण आतलं बारीक भोक कळत नाही. ते बऱ्याचदा लेथवर वरचा थर उतरवल्यावरच दिसतं. तुमचं काम वाळूपाशी का सुरू होतं याचं कारणही हेच आहे : नंतर सापडण्यापेक्षा आधी होऊ न देणं स्वस्त पडतं.

मसुदा तयार झाला की तुमच्या मुलाला वाचून दाखवू नका, त्याला आता सगळं पाठ झालंय. शेजारच्या एखाद्या तिसरी-चौथीतल्या मुलाला एकदाच वाचून दाखवा आणि दुसऱ्या दिवशी त्याला विचारा, "त्या काकू काय करतात रे?" तो "ट्रक बनवतात" म्हणाला तर ड्रमचं वाक्य घाईत गेलं, तिथं हातानं गोल आकार दाखवायला बाईंना सांगा. "वाळूत लोखंड वितळवतात" म्हणाला तर भट्टी आणि साचा यांची सरमिसळ झाली. ही चूक फार होते, म्हणूनच मसुद्यात साचा आणि भट्टी वेगवेगळ्या वाक्यांत ठेवलेत. तरीही झाली तर "भट्टी वेगळी असते" एवढी तीन शब्दांची भर घाला. आणि "वाळूत पाणी बरोबर घालतात, नाहीतर भोक पडतं" म्हणाला तर मसुद्याला हात लावू नका, तसाच द्या.

एक प्रश्न नक्की येणार, त्याचं उत्तर तयार ठेवा : "लोखंड वितळतं, मग वाळू का वितळत नाही?" उत्तर साधं आहे. वाळू सिलिकाची असते आणि सिलिका १७०० अंशांच्या वर वितळते, तुमचं लोखंड १४०० वरच ओततात. वाळूला त्याचा चटका बसतो, पण ती टिकते. एवढं पुरे. "वाळूचं पुढं काय होतं?" असं कुणी विचारलं तर साचा फोडून तीच वाळू पुन्हा वापरतात, पुन्हा पाणी मोजून, हेही सांगा. म्हणून तुम्हाला रोज काम असतं.

वर्गात वाळू न्यायची असेल तर थोडी पथ्यं पाळा. कोरडी वाळू उघडी नेऊ नका. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते आणि वर्गात पंखे फिरत असतात. ओलावा बरोबर असलेली वाळू झाकणाच्या पारदर्शक डब्यात न्या, मूठभर तुम्हीच दाबून लाडू करून दाखवा, आणि कमी पाण्याचा व जास्त पाण्याचा नमुना बंद डब्यांतच ठेवून हलवून दाखवा. कुणाला हात लावायला दिलाच तर पाण्याची बादली आणि साबण जवळ असू द्या, वाळूत मिसळलेल्या कोळशाच्या भुकटीनं हात काळे होतात. कापलेल्या कास्टिंगचा भोक दिसणारा एक तुकडा मिळाला तर तो डब्याशेजारी ठेवा, पण नेण्याआधी त्याच्या कडा घासून घ्या आणि तो पाव किलोच्या वर नको, कारण तो हातोहात फिरेल आणि कुणाच्या तरी पायावर पडेल.